तेजश्रीची पाच स्मरणपत्रं

पैसे मागायला जीभ लागते, आणि तेजश्रीकडे नेमकी तीच नव्हती. बाकी सगळं होतं. फोटो उत्तम काढायची, पानं अशी मांडायची की बघणाऱ्याला वाटावं आपणच हे कापड घ्यावं. नवी पेठेत एका फ्लेक्सच्या दुकानात तिने सहा-सात वर्षं वाढदिवसांचे आणि निवडणुकांचे बॅनर केले, लोकांचे काळे-सावळे चेहरे मालकाच्या हुकमावरून गोरे केले, आणि एक दिवस कंटाळून नोकरी सोडली. स्वतःचं काम करीन म्हणाली. होटगीच्या घरात पुढच्या खोलीत टेबल मांडलं, कॉम्प्युटर घेतला, कॅमेरा घेतला, बँकेच्या साहेबांनी सांगितलं म्हणून लघुउद्योगाची ‘उद्यम’ नोंदणीसुद्धा करून टाकली. तिचे वडील हणमंत रेल्वेत गँगमन होते, आता निवृत्त. त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं, “आमची तेजू आता कुणाच्या हाताखाली न्हाय.”

घर पत्र्याचं होतं. सोलापूरच्या बाजूला पत्र्याखाली उन्हाळा काढणं म्हणजे काय, हे ज्याने काढलाय त्याला सांगावं लागत नाही. दुपारी दोननंतर खोलीत बसवत नसे, कॉम्प्युटर आपोआप बंद पडायचा, आणि हणमंतराव ओलं पटकूर डोक्यावर घेऊन बाहेर लिंबाखाली जाऊन बसायचे. गेल्या उन्हाळ्यात ते तिथेच चक्कर येऊन पडले. तेव्हा बापलेकीचं ठरलं, पुढच्या उन्हाळ्याआधी स्लॅब टाकायचा. हणमंतरावांची पोस्टातली ठेव मोडायची, आणि कमी पडतील ते तेजश्रीने घालायचे. गवंडी जोतिराम येऊन माप घेऊन गेला. “पैसे पुरे जमले की सांगा, अर्ध्यावर काम सोडणं मला जमत न्हाय,” एवढं बोलून गेला.

आणि त्याच पावसाळ्यात मोठं काम आलं. अक्कलकोट रस्त्याला शरणबसव अण्णांचा शाळेच्या युनिफॉर्मचा कारखाना आहे. त्यांना मुंबईच्या प्रदर्शनासाठी कॅटलॉग हवा होता. ट्यूनिक, पिनाफोर, हाफ पँट, हाउसचे रंगीत टी-शर्ट, सगळं. मॉडेल आणायला अण्णा तयार नव्हते, म्हणून शिवणकाम करणाऱ्या बायकांचीच पोरं उभी केली. तेजश्रीने त्या पोरांना चॉकलेटं वाटली, केस विंचरले, घाम पुसला. कॅटलॉग असा झाला की प्रदर्शनात लोक तो मागून घेऊन गेले, हे अण्णांनीच फोन करून सांगितलं. “बर्री, बर्री,” असं कानडीत स्वागत करून त्यांनी तिला केबिनमध्ये बसवलं, चहा पाजला, पाठीवरून हात फिरवला. चहा पाजणारा माणूस पैसे बुडवील असं आपल्याकडे कुणाला वाटत नाही. तिथेच आपली फसगत होते.

एक लाख वीस हजारांचं बिल तिने ऑगस्टमध्ये दिलं. लेखी करार नव्हता. अण्णा म्हणाले होते, “कागद कशाला? मी काय पळून चाललो का?” तिला ते पटलं होतं.

महिना झाला तरी पैसे आले नाहीत, तेव्हा तिने पहिली आठवण लिहिली. तीनदा लिहिली, तीनदा पुसली. शेवटी जे गेलं ते असं होतं: “नमस्कार अण्णा, कॅटलॉग सर्वांना आवडल्याचं ऐकून खूप आनंद झाला. आपल्या माहितीसाठी बिलाची प्रत पुन्हा जोडली आहे. सवडीने पाहावे, घाई नाही.” घाई नाही! घरात जोतिराम गवंड्याने भिंतीवर खडूने माप लिहून ठेवलं होतं, आणि ही लिहिते घाई नाही. पण चांगल्या घरच्या मुलीने पैसे कसे मागावेत, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. तिच्या आईने जन्मभर लोकांची भांडी घासली आणि पगार मागताना ती दाराशी उभं राहून नुसती खाकरत असे. तेजश्रीचं ते पत्र म्हणजे तसंच खाकरणं होतं.

मेसेजला दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

दसरा गेला, मग तिने दुसरं लिहिलं. या वेळी मेसेज न करता ई-मेल केला, हिशोबखात्याला. “मागील पत्राची आठवण म्हणून” अशी सुरुवात केली, बिलाचा क्रमांक आणि तारीख घातली, आणि शेवटी विचारलं, रक्कम साधारण केव्हा अपेक्षित धरावी? याला मात्र तासाभरात फोन आला. अण्णांचा नव्हे. नारायणकाकांचा.

नारायणकाका म्हणजे अण्णांच्या ऑफिसातले हिशोबनीस. साठीचे, कपाळाला गंध, खिशाला दोन पेनं. कारखान्यात टपाल यायचं ते काकांच्या टेबलावर, ई-मेल आणि अण्णांच्या फोनवरचे कामाचे मेसेज उघडायचे ते काका, बिलं नोंदवायचे ते काका. बावीस वर्षं हेच. त्यांचा एक नेम होता, आलेलं बिल आल्या दिवशी वहीत गेलं पाहिजे, मग ते द्यायचं तेव्हा द्या. अण्णांचा नियम उलटा होता. त्यांची सही झाल्याशिवाय बिल नोंदवायचं नाही. म्हणजे नोंदच नाही तर देणंही नाही, असा तो सोयीचा मामला. काका हो म्हणायचे आणि आपल्या नेमाने वागायचे. बावीस वर्षांत अण्णांनी वही कधी उघडून पाहिली नव्हती, म्हणून ते खपून गेलं होतं.

“तेजश्रीताई,” काका फोनवर आवाज बारीक करून म्हणाले, “काळजी करू नका. तुमचं बिल मी नोंदवलंय. दहा टक्के टीडीएस कापून सरकारात भरलासुद्धा. म्हणजे बिल मान्य झालंच की. फक्त हे आपल्यातच ठेवा. अण्णांना सांगू नका, त्यांची सही व्हायचीय अजून.”

“नाही सांगणार, काका,” ती म्हणाली. तिला इतकं हायसं वाटलं की तिने त्या दिवशी वडिलांसाठी जिलेबी आणली.

“आलं का?” हणमंतरावांनी विचारलं.

“येतायत, दादा. नोंद झालीय.”

उधारीचं पोतं सव्वा हात रितं म्हणतात ते उगाच नाही. दिवाळी झाली. थंडी आली. तिसरं पत्र तिने डिसेंबरात लिहिलं, आणि त्यात पहिल्यांदा आर्जव नव्हतं. कामाची तारीख, बिलाची तारीख, आधीच्या दोन पत्रांच्या तारखा, आणि “आठ दिवसांत रक्कम न मिळाल्यास पुढील काम हाती घेता येणार नाही.” पुढचं काम कुणी दिलंच नव्हतं, पण धमकी द्यायला काहीतरी हवं. अण्णांनी स्वतः फोन केला.

“काय गं पोरी, एवढं कडक लिहितीस? शाळांकडं माझे किती अडकलेत ठावं हाय का तुला? ते आले की तुझे पहिले.”

ती “बरं अण्णा” म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला स्वतःचा राग आला. एवढी पत्रं लिहून तोंडाने मात्र “बरं अण्णा” एवढंच निघालं.

हणमंतरावांनी संध्याकाळी विचारणं बंद केलं. हे तिला सगळ्यात जास्त लागलं. ते रोज फक्त तिच्या चेहऱ्याकडे बघायचे आणि मग रेडिओ लावायचे. शेजारच्या माणसाने एकदा विचारलं, स्लॅब कधी? तर म्हणाले, “पोरगीच्या कामाचं पैसं अडकल्यात थोडं. मोठ्या लोकांचं तसंच असतंय.” मोठ्या लोकांची कामं आपली पोरगी करते, याचा अभिमान त्यांनी अजून सोडला नव्हता. ते ऐकून तिला रडू आलं.

चौथ्या पत्राच्या वेळी ती दाक्षायणीकडे गेली. दाक्षायणी तिची शाळेतली मैत्रीण, आता सोलापूरच्या कोर्टात वकिली करते. तिने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. “उद्यम नोंदणी आहे ना तुझी? कामाच्या आधीची? मग भ्यायचं काय कारण? लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार असला तरी पंचेचाळीस दिवसांवर लांबवता येत नाही. पुढे बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. घाल पत्रात.” तेजश्रीने घातलं. नोंदणीचा क्रमांक, कायद्याचं नाव, व्याज, आणि उत्तर न आल्यास लघुउद्योगांच्या परिषदेकडे तक्रार करण्यात येईल, हेही.

त्याचं उत्तर मात्र लेखी आलं. अण्णांनी दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घेतलं असावं, कारण भाषा काकांची नव्हती. कॅटलॉगमध्ये खाकीचा रंग चुकला आहे, त्यामुळे नुकसान झाले, सबब सदर बिल आम्ही कधीही मान्य केलेले नाही.

खाकीचा रंग! सहा महिन्यांनी! पैसे न देणं तेजश्रीने समजून घेतलं असतं, पण काम वाईट म्हणणं तिला सोसलं नाही. त्या कॅटलॉगमधली खाकी तिने कारखान्यातल्या कापडाचा तुकडा स्क्रीनला लावून जुळवली होती.

दाक्षायणीने पत्र वाचलं. “तक्रार असेल तर माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी करायची असते. आता त्याला अर्थ नाही. आणि बिल मान्य नाही म्हणतायत? मग टीडीएस कापलाय का तो बघ की. इन्कम टॅक्सच्या साइटवर तुझ्या नावावर दिसेल. कापला असला तर हा माणूस संपला.”

तेजश्रीला बघायची गरज नव्हती. तिला माहीत होतं. तरी तिने साइट उघडली. कारखान्याचं नाव, रक्कम एक लाख वीस हजार, कापलेला कर बारा हजार. सगळं ढळढळीत.

पाचवं पत्र म्हणजे अंतिम सूचना. ती दाक्षायणीने सांगितली आणि तेजश्रीने होटगीला आपल्या टेबलावर टाइप केली. पाच परिच्छेद भराभर झाले. सहावा आला तेव्हा तिचे हात थांबले. “आपण आमचे बिल आपल्या हिशोबात नोंदवून त्यावर करकपात केलेली असून ती शासनाकडे जमा आहे. सबब बिल मान्य नसल्याचे आपले म्हणणे खोटे आहे.” हे आपल्यातच ठेवा, असं काका म्हणाले होते. ती म्हणाली होती, नाही सांगणार.

तिने स्वतःची समजूत काढली. हे कुठे मी काकांकडून ऐकून सांगतेय? सरकारच्या साइटवर माझ्याच नावापुढे दिसतंय. आणि काकांनी चूक तरी काय केली? कायद्याने करायचं तेच केलं. त्यांना कोण काय बोलणार? वर पत्रा तापायला लागला होता, मार्च उजाडला होता. हा परिच्छेद काढला तर सूचनेत उरतं काय? पुन्हा खाकरणंच. तिने टाइप केलं, छापलं, सही केली आणि पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने पाठवलं.

पोचपावती परत आली. तिच्यावर नारायणकाकांची सही होती. पाकीट त्यांनीच घेतलं होतं, त्यांनीच उघडलं असणार, सहावा परिच्छेद त्यांनीच पहिल्यांदा वाचला असणार. आणि मग उठून, चष्मा सावरत, अण्णांच्या केबिनमध्ये त्यांनीच नेऊन दिला असणार. आलेलं पत्र त्याच दिवशी आत गेलं पाहिजे, हाही त्यांचा नेमच होता.

चार दिवसांनी अण्णांनी तिला बोलावलं. या वेळी “बर्री” नव्हतं, चहाही नव्हता. टेबलावर एक चेक होता, साठ हजारांचा, आणि एक छापील कागद.

“हे घे आणि पूर्ण हिशोब मिटला म्हणून सही कर. न्हायतर जा परिषदेकडं. माझा वकील हाय, तारखा घेत बसंल. दोन-तीन वर्षं काढायची तयारी असंल तर बघ.”

तिने बाहेर येऊन दाक्षायणीला फोन लावला. दाक्षायणी म्हणाली, मुळीच सही करू नको, तुझी बाजू भक्कम आहे. किती दिवस लागतील, या प्रश्नावर मात्र ती म्हणाली, “ते नाही सांगता येत.” तेजश्री आत गेली आणि सही केली. कारण दादा पुन्हा लिंबाखाली बसायला लागले होते. कारण बँकेचा कॉम्प्युटरचा हप्ता दोनदा चुकला होता. आणि खरं कारण हे की ती दमली होती. पाच पत्रांत तिचं सगळं बळ संपलं होतं.

निघताना तिने काकांच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे अण्णांचा पुतण्या अभिमन्यू बसला होता, मोबाइलवर क्रिकेट बघत. टपालाचा ट्रे भरून खाली सांडला होता.

“काका कुठंयत?”

“त्यांना आराम दिलाय,” तो मान वर न करता म्हणाला.

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. पण इथे सुकं होतं ते साठ हजारांत सुटलं, आणि जळालं ते एकटं ओलंच. बसमध्ये तेजश्री खिडकीकडे तोंड करून बसली. पर्समध्ये चेक होता आणि तिला तो फाडून टाकावासा वाटत होता. तिने फाडला नाही. कॉम्प्युटरचे थकलेले हप्ते आणि फोटोंच्या छपाईची उधारी त्यातून फिटली, उरलं त्यात स्लॅब होणार नव्हता. जोतिरामला तिने फोनवर सांगितलं, या वर्षी नको. तो म्हणाला, “बरं ताई,” आणि दुसरं काम धरलं. हणमंतराव पत्र्यावर पाचटाचा थर टाकून आले, वरून पाणी मारलं, आणि म्हणाले, “हे बी लई गार पडतंय.” तिने काकांना दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा रिंग पुरी व्हायच्या आत तिनेच कट केला.

एप्रिलात, एका रविवारी भर दुपारी, काका स्वतः आले. सोलापूरहून बसने, स्टँडपासून उन्हातून चालत. डोक्यावर रुमाल होता, गंध घामाने ओघळलं होतं. दारात तेजश्री त्यांना पाहून उभीच राहिली. हणमंतरावांनीच त्यांना आत घेतलं, खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं.

“काका, माझ्यामुळं...” ती एवढंच बोलू शकली.

“जाऊ द्या,” काका म्हणाले. “तुम्ही लिहिलंत ते खरंच होतं की. खोटं कुठं होतं?” मग पाणी पिऊन त्यांनी पेला खाली ठेवला. “मी वेगळ्या कामासाठी आलो. तुम्हाला पत्र लिहिता येतं. तुमची पाचही मी वाचलीत. मला एक लिहून द्या.”

“कुणाला?”

“अण्णांना. दोन महिन्यांचा पगार राहिलाय. आणि बावीस वर्षांची ग्रॅच्युइटी. ती माझा हक्कच आहे म्हणा, पण पहिल्याच पत्रात नको घालायला. पहिलं सौम्य असू द्या.”

“काका, सौम्य कशाला? सरळ सगळं मागा. मी दाक्षायणीला सांगते, कामगार आयुक्तांकडे अर्ज करता येतो. पहिल्या पत्राला ते उत्तर देत नाहीत, तुम्हाला तर माहीत आहे.”

“माहीत आहे. पहिलं ते वाचतसुद्धा नाहीत.” काका कसंनुसं हसले. “पण सुरुवात पहिल्यापासूनच करायची असते. एकदम कडक लिहिलं तर म्हणतील, बावीस वर्षं मीठ खाल्लं आणि उलटला. कुणी सांगावं, पुन्हा बोलावतीलही. त्या पोराला टपाल जमत नाही म्हणे.”

हणमंतराव भिंतीला टेकून ऐकत होते. पत्रा वर तडतडत होता.

तिने कॉम्प्युटर चालू केला. पंखा त्याच्याकडे वळवला, म्हणजे मध्येच बंद पडू नये. “आदरणीय अण्णा, सादर नमस्कार,” इथून सुरुवात केली. “थकीत वेतन” लिहिलं, तर काका वाकून म्हणाले, थकीत नको, राहिलेलं म्हणा. “कृपया लवकरात लवकर” लिहिलं, तर म्हणाले, लवकरात लवकर कशाला, सोयीनुसार म्हणा. ती एकेक शब्द काढत गेली. शेवटी कागदावर चारच ओळी उरल्या, आणि त्यात मागणं असं काही दिसतच नव्हतं.

काकांनी तो कागद दोनदा वाचला, खिशातलं पेन काढून सही केली, नीट घडी घातली आणि पाकिटात भरला. वर पत्ता स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिला. तेजश्री बघत होती. हे पाकीट सोमवारी पोस्टात पडेल, मंगळवारी-बुधवारी कारखान्यात पोचेल, आणि अभिमन्यूच्या टेबलाखाली सांडलेल्या ढिगात जाऊन पडेल. त्या ऑफिसात आलेलं पत्र उघडून त्याच दिवशी आत नेणारा माणूस एकच होता, आणि तो तिच्यासमोर बसून रुमालाने मान पुसत होता.